वीस सेकंदांतली सम

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. छताच्या पंख्याची वीस सेकंदांची जाहिरात आहे. पंखा आवाज करत नाही, एवढंच सांगायचंय. कंपनीने कागदावर लिहून दिलंय, 'आमचा ब्रँड शांत, विश्वासू आणि आधुनिक.' संकलकाने पहिल्या कटखाली एक झकास, ठेका धरायला लावणारा ट्रॅक टाकलाय, मिनिटाला १२८ मात्रांचा. खोलीतल्या सगळ्यांना तो आवडलाय. आणि तो साफ चुकीचा आहे. जो पंखा ऐकूच येत नाही असं आपण म्हणतोय, त्याच्या जाहिरातीत कानाला क्षणभर उसंत नाही.

कागदावरची विशेषणं घेऊन थेट संगीत शोधायला बसू नका. 'शांत' असं शोधलंत तर ध्यानधारणेचं संगीत हाती येईल. प्रत्येक विशेषणाला 'पण' जोडा. शांत, पण पेंगुळलेला नाही. विश्वासू, पण म्हातारा नाही. आधुनिक, पण यंत्रासारखा थंड नाही. आता निवड आपोआप आखडते. पेंगुळलेला नको, म्हणून नुसते लांबवलेले तंतुवाद्यांचे सूर बाद. स्वराची सुरुवात स्पष्ट हवी, म्हणजे पियानो किंवा छेडलेली गिटार. थंड नको, म्हणून निव्वळ सिंथेसायझर बाद.

मग लय. इथे थोडं गणित आहे, पण सोपं. वीस सेकंद म्हणजे मिनिटाचा तिसरा भाग. मिनिटाला ७२ मात्रा धरल्या तर वीस सेकंदांत २४ मात्रा बसतात, चार-चार मात्रांची सहा पूर्ण आवर्तनं. ७० घेतल्या तर शेवटचं आवर्तन अर्धवट राहतं, आणि मग संकलक शेवटी आवाज हळूहळू उतरवून वेळ मारून नेतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण संगीत संपलं नाही, कापलं गेलं, हे जाणवतं. आवडलेला ट्रॅक ७० चा असेल तर तो ७२ वर नेता येतो. तीनेक टक्क्यांची ही वाढ सहसा कुणाच्या कानाला खटकत नाही. दहा टक्के ताणलात तर वाद्यांचे ठोके फिसकटलेले ऐकू येऊ लागतात.

लय संथ म्हणजे जाहिरात संथ, असं मात्र नाही. त्याच ७२ च्या लयीत गिटारने प्रत्येक मात्रेत दोन स्वर वाजवले की चाल आली. मी तर म्हणेन, आकड्यापेक्षा या भरणीकडेच जास्त लक्ष द्या.

आता सहा आवर्तनं मांडू. एक आवर्तन साधारण ३.३ सेकंदांचं. पहिल्यात संगीत नाहीच, जुन्या पंख्याची खडखड फक्त. ती मुद्दाम लयीबाहेरची ठेवायची. तालात बसली तर ती गंमत वाटेल, त्रास वाटणार नाही. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर बटणाची टकटक, आणि खडखड बंद. नवा पंखा फिरतोय. इथे संगीत सुरू करायचा मोह सगळ्यांना होतो, आणि ग्राहकालाही. नका करू. तीन सेकंद शांतता द्या, जाहिरात याच तीन सेकंदांसाठी आहे. फक्त ती पोकळ शांतता नको. आवाजाची पट्टी पूर्ण रिकामी ठेवलीत तर बघणाऱ्याला फोन बिघडला असं वाटतं. रिकाम्या खोलीची बारीकशी गुंज खाली असू द्या, वर पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज. पान ऐकू आलं, म्हणजे पंखा ऐकू येत नाही हे सिद्ध झालं. निवेदकाने ते सांगायची गरज उरली नाही.

तिसऱ्या समेवर, पावणेसात सेकंदांच्या आसपास, गिटार. निवेदन चौथ्यात आणि पाचव्यात. शेवटचा स्वर विसाव्या सेकंदाला नव्हे, सहाव्या समेवर, म्हणजे १६.७ ला, नेमका बोधचिन्हासोबत. उरलेले तीन सेकंद तो स्वर आपोआप विरू द्यायचा. दृश्यांचे बाकीचे कट मात्र प्रत्येक मात्रेवर बसवू नका. बघणारा पुढचा कट आधीच ओळखायला लागतो आणि चित्र कवायत करतंय असं दिसतं. बटण आणि बोधचिन्ह, एवढे दोन समेवर पुरे.

टकटक बोट बटणावर पडतं त्याच फ्रेमवर ठेवा. एखादी फ्रेम उशीर झाला तर चालतो, कारण दुरून आवाज उशिराच पोहोचतो ही आपली सवय. पण आवाज आधी आला की लगेच खोटं वाटतं.

आणि मिश्रण झालं की ते स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर मंजूर करू नका. फोनच्या छोट्या स्पीकरवर खर्जाचे सूर जवळजवळ गायब होतात. खडखडीची सगळी ताकद त्या खालच्या घरघरीत असेल तर फोनवर जुना पंखाही शांतच वाटेल, आणि आपली जाहिरात पहिल्याच आवर्तनात संपेल. म्हणून खडखडीत पत्र्याचा वरचा, किणकिणता आवाज मिसळा, आणि मग पुन्हा फोनवर ऐका.