ऑक्सिजनपाशी रेघ का खाली येते?

(पडद्यावर आलेख : लिथिअम ते निऑन, पहिली आयनीभवन ऊर्जा)

आवर्तसारणीची दुसरी ओळ. लिथिअमकडून निऑनकडे जाताना केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो. बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची ओढ वाढते, म्हणून तो काढून घ्यायला लागणारी ऊर्जाही चढत जायला हवी. ती चढतेही, पण दोन ठिकाणी रेघ खाली येते. बोरॉनपाशी आणि ऑक्सिजनपाशी.

बोरॉनचं कारण उपकवचात आहे. बेरिलिअमचे बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन 2s मध्ये असतात. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन 2p मध्ये जातो. 2s चा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळपर्यंत शिरतो, 2p चा तितका शिरत नाही. आतले इलेक्ट्रॉन आड येतात आणि त्याच्यावरची पकड सैल होते. म्हणून बेरिलिअमला मोलमागे 900 किलोज्यूल लागतात, बोरॉनला 801.

(आलेखावर बोरॉन, कार्बन, नायट्रोजन उजळतात)

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी. इथे उपकवच तेच, 2p. वर्गात आपण पाठ करतो, ‘नायट्रोजनचं उपकवच अर्धं भरलेलं, म्हणून ते जास्त स्थिर.’ मला हे उत्तर अपुरं वाटतं. आकडेच बघा. बोरॉन 801, कार्बन 1086, नायट्रोजन 1402. प्रत्येक पायरी साधारण 300 ची. म्हणजे नायट्रोजन आपल्या चढणीवर जिथे असायला हवा तिथेच आहे. त्याच चालीने ऑक्सिजन 1700 च्या आसपास यायला हवा होता. येतो 1314 वर. वेगळं काही घडलंय ते ऑक्सिजनमध्ये.

काय घडलं? 2p मध्ये तीन ऑर्बिटल. नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन तिघांत एकेक बसतात, तेही सारख्या फिरकीचे, त्यामुळे एकमेकांपासून अंतर राखून असतात. चौथ्याला मात्र रिकामी जागा उरत नाही. त्याला आधीच्या एकाबरोबर त्याच ऑर्बिटलमध्ये, उलट्या फिरकीने राहावं लागतं. दोघंही ऋणभारित, इतक्या जवळ आले की प्रतिकर्षण वाढतं. हे प्रतिकर्षणच इलेक्ट्रॉन बाहेर काढायला हातभार लावतं.

पुढे फ्लुओरीन 1681, निऑन 2081. चढण पुन्हा सुरू होते, पण खालच्या रेघेवरून, कारण तिथेही जोडीतलाच इलेक्ट्रॉन निघतो.

तिसऱ्या ओळीत फॉस्फरस 1012, गंधक 1000. खळगा आहे, पण उथळ. 3p ऑर्बिटल मोठं, जोडीला जागा जास्त, ढकलाढकली कमी.

(आलेख बदलतो : दुसरी आयनीभवन ऊर्जा)

आता या स्पष्टीकरणाची परीक्षा घेऊ. प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन आधीच काढून टाकला. ऑक्सिजनच्या आयनात आता 2p मध्ये तीनच उरले, जोडी मोडली. फ्लुओरीनच्या आयनात चार, म्हणजे एक जोडी आहे. आपलं म्हणणं खरं असेल, तर खळगा एक घर पुढे सरकला पाहिजे. मोजलेले आकडे असे : ऑक्सिजन 3388, फ्लुओरीन 3374.