तिकडी की कोंडी? नवकंकरीच्या शेवटच्या सोंगट्या

(चोपडा तालुक्यातल्या एका वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. नवकंकरीचा पट इथं फरशीवर खडूनं आखलाय, मागच्यांनी थोडं पुढं सरका. खेळ तुम्हाला येतो हे मी धरून चालतो. आज मला डावाच्या अगदी शेवटच्या भागाबद्दल बोलायचंय. चार-पाच सोंगट्या उरल्यात, समोर तिकडी, म्हणजे एका रेघेवर आपल्या तीन सोंगट्या, लागतेय, आणि हात आपोआप तिकडे जातो. तो जावा की नाही, एवढंच.

घरांना नावं देऊ, म्हणजे घोळ होणार नाही. चौकोन तीन: बाहेरचा, मधला, आतला. प्रत्येकाला आठ घरं, आणि त्यांना आठ दिशांची नावं. ही खिडकी उत्तरेला, असं धरा. कोपरे वायव्य, ईशान्य, आग्नेय, नैऋत्य. बाजूंचे मध्य उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. तिन्ही चौकोन फक्त या मध्यांवरच एकमेकांना जोडलेले आहेत, कोपऱ्यांवर नाहीत. काही ठिकाणी कोपऱ्यांवरही रेघ मारतात. तो खेळ वेगळा, आज त्यात शिरत नाही.

यातूनच घरांची किंमत ठरते. कोपऱ्यातल्या सोंगटीला दोनच वाटा असतात. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यावर तीन, आणि मधल्या चौकोनाच्या मध्यावर चार. तिकडीचंही तसंच. बाहेरच्या उत्तर बाजूला आडवी तिकडी लावली तर तिला बाहेर पडायला तीनच वाटा उरतात. तीच तिकडी उत्तरेच्या उभ्या रेघेवर, म्हणजे बाहेर-मध्ये-आत अशी लावली, तर सहा. पट सोंगट्यांनी भरलेला असतो तेव्हा हा फरक जाणवत नाही, शेवटी मात्र डाव यावरच फिरतो.

आता नियम. तिकडी लागली की समोरच्याची एक सोंगटी उचलायची, पण त्याच्या लागलेल्या तिकडीतली नाही. दोनच उरल्या की तो हरला. हलायला जागाच नाही, तरीही हरला. आणि तीन उरल्या की त्याला उडी मिळते, पटावरच्या कुठल्याही रिकाम्या घरात. आता नीट ऐका: चार सोंगट्यांचा माणूस कोंडता येतो, तीन सोंगट्यांचा येत नाही. म्हणजे चौथी सोंगटी उचलून आपण त्याला दुबळा करतो आणि मोकळाही करतो.

पटावर मांडून बघू. आपले पाच चिंचोके, त्याचे चार खडे. खडे सगळे पश्चिमेला दाटलेत: बाहेरचं वायव्य, बाहेरचं पश्चिम, मधलं पश्चिम, मधलं वायव्य. आपले चिंचोके बाहेरच्या उत्तरेला, मधल्या उत्तरेला, बाहेरच्या नैऋत्येला, मधल्या नैऋत्येला. पाचवा आतल्या वायव्येला. खेळी आपली.

आतल्या वायव्येवरून तो पाचवा चिंचोका आतल्या उत्तरेला सरकवला की उत्तरेची उभी तिकडी लागते. दहातले नऊ जण तेच करतील. पण खड्यांच्या वाटा मोजा. बाहेरच्या वायव्येला एकीकडे आपला चिंचोका, दुसरीकडे त्याचाच खडा. बाहेरच्या पश्चिमेचंही तसंच. मधल्या वायव्येचंही. मधल्या पश्चिमेला मात्र चार वाटा. त्यातल्या तीन बंद, आतल्या पश्चिमेची एकच उघडी. म्हणजे चारही खड्यांना मिळून एकच दार, आणि आपला पाचवा चिंचोका त्या दाराच्या शेजारी उभा. तो आतल्या पश्चिमेला ठेवला की डाव तिथंच संपला. (इथे मागून कुणीतरी म्हणालं, “कोंडी टाक ना भो!” हशा.) बरोबर, कोंडून टाका.

आता समजा, नाही कोंडलं, तिकडीच लावली. कुठला खडा उचलाल? बाहेरच्या वायव्येचा उचललात, तर मधल्या वायव्येचा खडा उडी मारून आतल्या पश्चिमेला जातो. बाहेरचं, मधलं, आतलं पश्चिम. त्याची तिकडी लागली. मधल्या वायव्येचा उचललात, तर बाहेरच्या वायव्येचा खडा तेच करतो. बरं, शहाणपणानं पश्चिमेचाच एक उचलला, बाहेरचा किंवा मधला, तर? त्या रिकाम्या झालेल्या घरात बाहेरच्या वायव्येचा खडा उडी मारून बसतो. पुन्हा पश्चिमेला दोन खडे, तिसरा मधल्या वायव्येला उडीच्या तयारीत, आणि मोकळं घर तेच, आतलं पश्चिम. तिथं पोहोचायला आपला चिंचोका आतल्या वायव्येला किंवा आतल्या नैऋत्येला हवा. होता तो आपणच उत्तरेला नेलाय. आपली तिकडी उघडून परत लावायची म्हटली तर दोन खेळ्या लागतात, त्याला एकच पुरते. म्हणजे काहीही उचला, आपला एक चिंचोका जाणारच.

मग उरतो चार विरुद्ध तीन असा डाव, आणि उडी त्याच्या हातात. हा डाव हरलाच असं मी म्हणत नाही. पण एका खेळीत संपणारा डाव आपण हातानं लांबवला. लोक अशा वेळी म्हणतात, नशीब फिरलं. नशिबाचा काय संबंध? वाटा मोजल्या नाहीत.

उडीचा नियम न पाळणारी कुटुंबंही आहेत. तिथं तिकडीचं भय बरंच कमी होतं, कारण तीन खडेही सरकतच जाणार. म्हणून पहिला चिंचोका ठेवण्याआधी विचारून घ्या, उडी आहे की नाही. आणि समोर तीनच खडे असतील, तर तिकडी दिसताच लावा, तिथं विचार करायचं काही कारण नाही.

राल्फ गॅसर या संशोधकानं 1993 मध्ये संगणकावर हा खेळ पूर्ण सोडवला. सोंगट्या सरकवण्याच्या टप्प्यातली प्रत्येक मांडणी शेवटापासून उलटी तपासली. निघालं असं की दोघांनी बिनचूक खेळलं तर डाव बरोबरीत सुटतो.

एका ताईंनी चांगला प्रश्न विचारला: पाचवा चिंचोका आतल्या वायव्येला नसून ईशान्येला असता तर? दार बंद करायला तो पोहोचत नाही, मग तरी तिकडी लावायची ना? नाही. लावली तर पट अगदी तसाच होतो जो आत्ता पाहिला, आतलं पश्चिम उघडंच. त्याऐवजी तो चिंचोका आतल्या पूर्वेला सरकवून द्या, नुसता वेळ काढा. खड्यांना खेळी एकच उरते: मधल्या पश्चिमेचा खडा आतल्या पश्चिमेला. आता मधल्या वायव्येचा खडा रिकाम्या मधल्या पश्चिमेला येऊन तिकडी लावेल, म्हणून आपण तिथं मधल्या नैऋत्येचा चिंचोका लगेच सरकवायचा. बघा काय झालं: बाहेरचे दोन आणि मधल्या वायव्येचा, तिन्ही खडे जागीच अडकले. चौथा एकटा आतल्या चौकोनात फिरतोय, आणि दुसरा कुणी हलू शकत नाही म्हणून त्याला दर खेळीला हलावंच लागतं. आपली आतल्या उत्तरेची जागा अडवून तो तिथं बसू शकत नाही. आला तरी पुढच्या खेळीला उठावं लागेल. आपला पूर्वेचा चिंचोका मात्र मोकळा आहे.

पट आहे तसाच ठेवलाय. इथून पुढं कुणाला खेळून बघायचं असेल त्यांनी या, खडे मी घेतो.