सात नंबरचं तळघर

[काळा पडदा. मधोमध एकच आकडा: 7]

गेम सुरू करताना सीडच्या चौकटीत सात टाइप केलं की एक तळघर उभं राहतं. उद्या दुसऱ्या कुणी, दुसऱ्या मशीनवर सातच टाकलं तर खोल्या त्याच जागी आणि पेटीही त्याच खोलीत. नकाशा तर कुठेच साठवलेला नाही. मग तो येतो कुठून?

त्यासाठी आकड्यांचं एक इवलंसं यंत्र बनवू. हातात असलेल्या आकड्याला पाचने गुणायचं, तीन मिळवायचे, सोळाने भागायचं आणि उरलेली बाकी ठेवायची. ती बाकी म्हणजे नवा आकडा. पुढच्या वेळी गुणाकार त्याचाच.

[कागदावर हाताने लिहिलेला हिशोब]

सात पंचे पस्तीस, अधिक तीन अडतीस. सोळाने भागून बाकी सहा. सहावरून एक येतो, एकावरून आठ. पुढे अकरा, दहा, पाच, बारा, पंधरा, चौदा, नऊ, शून्य… सोळा पावलांनी पुन्हा सात, आणि तीच रांग नव्याने सुरू. रांग बघताना वाटतं, कुणी फासे टाकतंय. प्रत्यक्षात इथे नशिबाला जागाच नाही, सगळा पाढा आहे. सीड म्हणजे या गोल रांगेत आपण कुठून शिरायचं ती जागा. आठपासून शिरलात तर आकडे हेच, फक्त सुरुवात अकरापासून.

[सोळा बाय सोळा चौकटींचा रिकामा पट]

आता तळघर बांधू. प्रत्येक खोलीसाठी तीन आकडे घ्यायचे: पहिला आडवी जागा, दुसरा उभी जागा आणि तिसरा नऊपेक्षा मोठा असेल तर खोलीत पेटी. पहिली खोली सहा-एकवर. तिसरा आकडा आठ, म्हणजे पेटी नाही. दुसरी अकरा-दहावर, तिसरा आकडा पाच, पुन्हा नाही. तिसरी बारा-पंधरावर, आणि आकडा चौदा. पेटी मिळाली.

खऱ्या गेममधली यंत्रं अर्थातच मोठी असतात. जावा भाषेसोबत येणारं नेहमीचं यंत्र 48 बिटांचं आहे. त्याची रांग परत फिरायला सुमारे 281 लाख कोटी पावलं लागतात. पण तत्त्व हेच.

घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. समजा कुणाला वाटलं, भिंतींना रंग हवेत. म्हणून प्रत्येक खोलीच्या शेवटी रंगासाठी एक आकडा जास्तीचा घेतला. निरुपद्रवी बदल, नाही का?

[तोच पट, पुन्हा रिकामा]

पहिली खोली जागच्या जागी: सहा, एक, आठ. पण अकरा रंगात गेला. त्यामुळे दुसरी खोली सरकली दहा-पाचवर, तिसरा आकडा आला बारा, म्हणजे पेटी इथेच. पंधरा रंगात गेला. तिसरी खोली चौदा-नऊवर, आकडा शून्य, रिकामी. बदलला फक्त रंग, आणि पेटी दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. म्हणून नुसता सीड सांगून भागत नाही, गेमची आवृत्तीही सांगावी लागते.

असा दोष शोधायचा तर प्रत्येक आकडा कशासाठी घेतला ते छापत जायचं आणि दोन्ही वेळच्या याद्या शेजारी ठेवायच्या. जिथे पहिल्यांदा ओळ जुळत नाही तिथेच चोर. नकाशाच्या शेवटाकडे बघून काही कळत नाही. तिथे सगळंच बिघडलेलं दिसतं.

उपाय म्हणजे एकाच रांगेतून सगळ्यांना वाढायचं नाही. खोल्यांचं यंत्र वेगळं, रंगांचं वेगळं, आणि लढाईतल्या फाशांचं तर वेगळंच हवं. नाहीतर राक्षसाला एक फटका जास्त मारला म्हणून खालचा मजला बदलेल. या सगळ्या यंत्रांचे सीड मात्र त्या मूळ सातापासूनच काढायचे.

माइनक्राफ्टसारख्या जगात आणखी एक पेच आहे. तुम्ही आधी पूर्वेला जाल, मी पश्चिमेला, मग रांग कुणाच्या पावलांनी मोजायची? म्हणून तिथे जगाचे सोळा बाय सोळा ठोकळ्यांचे तुकडे पाडतात. तुकड्याची जागा आणि जगाचा सीड एकत्र घुसळून त्या तुकड्यापुरता सीड काढतात. मग कोण आधी पोचलं याने फरक पडत नाही.

[जुन्या संगणकाचा पडदा, काळ्यावर पांढऱ्या रेषा]

1984 साली बीबीसी मायक्रो या संगणकावर आलेल्या ‘एलिट’ गेममध्ये आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत 256 तारे. संगणकाची मेमरी 32 किलोबाइट. एवढ्या ताऱ्यांची यादी तिथे मावणं कठीणच, म्हणून डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी फक्त सहा बाइटचा सीड ठेवला. पुढच्या आकाशगंगेत उडी मारली की त्या प्रत्येक बाइटमधले बिट एक घर डावीकडे सरकत, आणि टोकाचा बिट वळसा घेऊन उजवीकडे येई. बाइटमध्ये बिट आठ. म्हणून आठव्या उडीला खेळाडू पुन्हा पहिल्याच आकाशगंगेत.