तीन बंद निविदा, एकच भाव: ३८८ रुपये

(लातूर येथे वाणिज्य कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हा सकाळी सौदा निघतो, पोटलीत भाव फुटतो आणि घटकाभरात तोच आकडा सगळ्या आडतीवर फिरतो. या दुकानात जो भाव, तोच शेजारच्या दुकानात. आता स्पर्धा कायदा नुकताच वाचलेला एखादा हुशार विद्यार्थी तिथं गेला तर म्हणेल, "सर, पन्नास दुकानांत एकच भाव, म्हणजे हे संगनमतच!" मी त्याला म्हणेन, थांब जरा. भाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुटला, प्रत्येकाच्या कानावर पडला, म्हणून तो सारखा आहे. सारखेपणा हा पुरावा नव्हे. तो फक्त एक प्रश्न आहे, आणि आज तेवढ्या एकाच प्रश्नावर मी बोलणार आहे.

अभ्यासक्रमात तुम्हाला तीन गोष्टी आहेत. स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पर्धाविरोधी करार, त्यातच कार्टेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत केलेली छुपी युती. कलम ४ मध्ये वर्चस्वाचा गैरवापर. कलम ५ आणि ६ मध्ये संयोजनं, म्हणजे विलीनीकरणं आणि कंपनी ताब्यात घेणं. शेवटची दोन आज मी उभ्या उभ्या सांगून पुढं जातो. वर्चस्वाच्या खटल्यात आधी बाजार कोणता हे ठरवावं लागतं, मग त्या बाजारात ती कंपनी वरचढ आहे का, आणि त्यानंतर तिनं त्या ताकदीचा गैरवापर केला का. नुसतं मोठं असणं हा आपल्याकडं गुन्हा नाही. संयोजनात काही बिघडायच्या आधीच भारतीय स्पर्धा आयोगाची परवानगी घ्यायची असते. कार्टेलचा पेच या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तिथं जे घडलं ते बंद दाराआड घडतं आणि कागदावर कुणी काही ठेवत नाही.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून कलम २ मधली 'करारा'ची व्याख्या बघा. तो लेखी असावा लागत नाही, औपचारिक असावा लागत नाही, कोर्टात बजावता येण्याजोगाही असावा लागत नाही. नुसतं मनं जुळवून केलेलं वागणंसुद्धा त्यात बसतं. शिवाय कलम ३(३) सांगतं की प्रतिस्पर्ध्यांनी मिळून भाव ठरवले किंवा निविदेत संगनमत केलं, तर स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम झाला असं गृहीत धरलं जाईल. हे गृहीतक खोडून काढता येतं, पण ते ओझं कंपन्यांवर पडतं. मात्र इथं विद्यार्थी नेहमी एक चूक करतात. गृहीत धरला जातो तो परिणाम, करार नव्हे. करार झाला होता हे आयोगालाच दाखवावं लागतं.

ते कसं दाखवतात, हे एका खटल्यातून बघू.

धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या इथल्या प्रत्येक घराला माहीत आहेत. रासायनिक नाव ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि थप्पीतली कीड मरते. घरात असली गोळी नको, हे जाता जाता सांगून ठेवतो. पण गोदामांना ती लागतेच, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे भारतीय अन्न महामंडळ. देशात ती बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या: युनायटेड फॉस्फरस, एक्सेल क्रॉप केअर, संध्या ऑरगॅनिक केमिकल्स. एक चौथीही होती, पण या कथेत ती गौण आहे.

महामंडळानं मार्च २००९ मध्ये निविदा काढली. तिन्ही कंपन्यांनी ८ मेला दर भरले. पाकिटं १ जूनला उघडली, आणि तिघांचाही दर निघाला किलोला ३८८ रुपये. १७ जूनला वाटाघाटी होऊन तो ३८६ झाला, दोन रुपयांनी कमी. फेब्रुवारी २०११ मध्ये महामंडळानं आयोगाला पत्र लिहिलं: २००२ पासून हे असंच चाललं आहे, एखादा अपवाद सोडला तर या कंपन्यांचे दर सारखेच येतात. आयोगाला त्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं आणि प्रकरण महासंचालकांकडं तपासाला गेलं. कलम २६(१) चा टप्पा तो हाच. इथं कुणी दोषी ठरत नाही, फक्त तपास सुरू होतो.

कंपन्यांचं म्हणणं तोंडावर फेकून देण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, बाजारात विकणारेच इनमीन तीन-चार. प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर. मागच्या निविदेत कुणी काय भरलं हे सगळ्यांना ठाऊक. मग दर जवळ जवळ येणारच, त्यात कट कसला? अर्थशास्त्रात ही गोष्ट मान्य आहे. कुणी कुणाशी न बोलताही भाव समांतर चालू शकतात. आपल्या मोंढ्याचं उदाहरण त्याच जातीचं.

पण जवळ येणं वेगळं आणि तंतोतंत जुळणं वेगळं. निविदा बंद होती, कुणाचा आकडा कुणाला दिसायला नको होता. तिन्ही कारखाने वेगवेगळ्या ठिकाणी, उत्पादनखर्च वेगवेगळा, वाहतूक वेगळी. खर्च वेगळा असताना पाकिटातला आकडा एक, आणि तोही वर्षानुवर्षं. त्यातच मला फार आवडणारा एक पुरावा आला: महामंडळाच्या दारातलं आवक-जावक रजिस्टर. महत्त्वाच्या तारखांना तिघांचे प्रतिनिधी एकत्र आले होते आणि त्यांच्या नोंदी एकाच कंपनीच्या माणसानं केलेल्या आढळल्या. तुम्ही ज्याच्याशी स्पर्धा करताय, त्याच्या नावाची नोंद तुम्ही स्वतः फाटकावर करता! एवढ्यावर कार्टेल सिद्ध होत नाही. पण बाकी सगळ्याच्या जोडीला ते ठेवलं की पारडं झुकतं. इथं कसोटी फौजदारीतली निःसंशय सिद्धतेची नाही, दिवाणीतली आहे: कोणती शक्यता अधिक.

आता तारखा पुन्हा बघा. कलम ३ अमलात आलं २० मे २००९ ला. निविदा मार्चची, दर भरले ८ मेला, बारा दिवस आधी. वकिलांनी हा मुद्दा लावून धरला, आणि कुणीही धरला असता. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायालयानं विचारलं, दर भरले त्या दिवशी सगळं संपलं का? पाकिटं उघडली जूनमध्ये, वाटाघाटी जूनमध्ये, आणि त्या संगनमताचा परिणामही तेव्हा चालूच होता. मुद्दा फेटाळला गेला आणि संगनमत झाल्याचा आयोगाचा निष्कर्ष कायम राहिला.

एका विद्यार्थिनीनं आत्ता विचारलं, "सर, मग निविदेत दर सारखे निघाले की खेळ खलासच ना?" नाही, ताई. म्हणून तर दुसरा खटला सोबत आणलाय. इंडियन ऑईलनं १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरांसाठी २०१०-११ ची निविदा काढली. पन्नास बोली आल्या आणि राज्याराज्यांत दर सारखे निघाले. निविदेच्या तोंडावर मुंबईच्या एका हॉटेलात उत्पादकांची बैठकही झाली होती. आयोगानं दंड केला. वरकरणी पुरावा गोळ्यांच्या खटल्यापेक्षा दणकट वाटतो, कारण इथं प्रत्यक्ष बैठक आहे. तरी १ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं दंड रद्द केला. गंमत म्हणजे दोन्ही निकाल न्यायमूर्ती सिक्री यांच्याच लेखणीतले.

फरक खरेदीदारात होता. सिलिंडर घेणारे देशात मुख्यतः तीनच, सगळ्या सरकारी तेल कंपन्या. त्या खर्चाचा अंदाज स्वतः काढत, वाटाघाटीत दर खाली ओढत आणि ऑर्डर अनेकांत वाटत. मागचे दर सगळ्यांना माहीत. माल एकाच मापाचा, एकाच नमुन्याचा. गिऱ्हाईक दुसरं नाहीच, तर विकणारा त्या ज्ञात आकड्याच्या आसपासच घुटमळणार. शिवाय इंडियन ऑईलची तक्रारच नव्हती. आयोगानं प्रकरण आपणहून हाती घेतलं होतं. सारखे दर यायला दुसरं पटण्याजोगं कारण समोर असताना नुसती बैठक पुरेशी ठरली नाही.

म्हणून फाइल हातात आली की मी आधी दर बघत नाही. दर सारखे यायला प्रामाणिक कारण असू शकतं का, ते बघतो. मग कागद. तीन वेगळ्या निविदांत शुद्धलेखनाची एकच चूक आहे का? अनामत रकमेचे डिमांड ड्राफ्ट एकाच शाखेतून, ओळीनं क्रमांकाचे आहेत का? ऑनलाइन निविदा एकाच संगणकावरून भरल्या गेल्या का? हरणाऱ्यानं नंतर जिंकणाऱ्याकडूनच उपकंत्राट घेतलं का? आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे आतला माणूस. कलम ४६ खाली जो पहिला येऊन सगळं उघड करतो आणि महत्त्वाचा पुरावा देतो, त्याला दंडात शंभर टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. त्यामुळं कार्टेलमधल्या प्रत्येकाला शेजारच्याची धास्ती राहते.

राहता राहिला दंड. गोळ्यांच्या खटल्यात आयोगानं तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या ९ टक्के लावले. युनायटेड फॉस्फरसला झाले २५२.४४ कोटी. फळ्यावर उलटं गणित करा: उलाढाल साधारण २,८०५ कोटी. पण ही कंपनी शेकडो उत्पादनं विकते, त्यात गोळ्यांचा वाटा किती? अपील न्यायाधिकरणानं ९ टक्के तेच ठेवले, पण फक्त गोळ्यांच्या उलाढालीवर. दंड झाला ६.९४ कोटी, म्हणजे गोळ्यांची उलाढाल जेमतेम ७७ कोटी. एक्सेलचा ६३.९० कोटींवरून २.९२ कोटी झाला. सर्वोच्च न्यायालयानं ८ मे २०१७ ला हे कायम केलं: ज्या मालात गुन्हा, त्याच मालाची उलाढाल.

मला हा निकाल तर्कानं पटतो, पण आकडा बघून पोटात गोळा येतो. वर्षानुवर्षं सरकारी गोदामाला एकच दर लावून सात कोटींत सुटका होत असेल, तर हिशेबी माणूस काय शिकेल? २०२३ च्या दुरुस्तीनं उलाढाल म्हणजे जगभरातली, सगळ्या मालाची, असं लिहिलं. तेव्हा खूप ओरड झाली. पण २०२४ ची दंडाची मार्गदर्शक तत्त्वं वाचली तर मामला मधला आहे. सुरुवात संबंधित मालाच्या सरासरी उलाढालीच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि वर साधारणपणे एकूण जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांची मर्यादा. हेच गणित त्या जुन्या खटल्याला लावून बघा. ७७ कोटींचे ३० टक्के म्हणजे सुमारे २३ कोटी. ६.९४ च्या तिपटीहून जास्त, आणि २५२ च्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.