काचेवर काच: Allow दाबता येत नाही तेव्हा

मंडळी, मी एमजी रोडला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, भाषणबिषण आपल्याला जमत नाही, तेव्हा गेल्या महिन्यात दुकानात आलेली एकच केस सांगतो.

पंचवटीतल्या एक मावशी आल्या. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजेड सहन होत नाही म्हणून नातवाने स्क्रीन पिवळसर करणारं एक फिल्टरचं ॲप टाकून दिलेलं. आता बँकेच्या ॲपला केवायसीसाठी कॅमेरा पाहिजे आणि Allow दाबलं की समोर येतं Screen overlay detected, खाली Open settings असं बटण. ते दाबलं की भलीमोठी यादी उघडते आणि त्यात काय करायचं ते कुणालाच कळत नाही. शेजारच्या पोराने सांगितलं, मावशी, फोन रिसेट मारा! बरं झालं मारला नाही, सगळे फोटो गेले असते.

ओव्हरले म्हणजे काय, तर एका ॲपने दुसऱ्या ॲपच्या वर काढलेलं चित्र. चॅटचा गोल बबल, कॉल आला की उघडणारी नावाची पट्टी, आणि हा फिल्टर, म्हणजे अख्ख्या स्क्रीनवर अंथरलेली रंगीत पारदर्शक काच. तुमचं बोट काचेतून खाली जातं, खालचं बटण दबतं, पण फोन त्या स्पर्शासोबत एक चिठ्ठी जोडतो की बाबा रे, मध्ये काहीतरी होतं. परवानगीची खिडकी ती चिठ्ठी वाचते आणि तुमचं हो धरतच नाही.

आता एवढा संशय कशाला? समजा कुणी तुमच्याकडून सही घेतोय आणि मूळ कागदावर दुसरा कागद असा ठेवलाय की फक्त सहीची जागा उघडी आहे. वर लिहिलंय कुरिअर मिळालं, खाली आहे कर्जाचा करार. फोनवरही तेच करता येतं, वर दिसतं 'बक्षीस घ्या' आणि बोट पडतं खालच्या Allow वर. 2015 साली अँड्रॉइड 6 आलं, तेव्हापासून ॲप कॅमेरा, माइक वगैरे एकेक परवानगी वापरताना मागायला लागलं, आधी इन्स्टॉल करतानाच सगळं एकदम मंजूर व्हायचं, त्यामुळे ही कटकट तिथूनच सुरू झाली. मला विचाराल तर फोन बरोबर वागतो, फक्त दोषी कोण ते नाव घेत नाही, तेवढाच राग येतो.

मावशींनी आधी बबल ओढून खाली फेकला होता, तरी मेसेज येतच होता. साहजिक आहे, बबल डोळ्याला दिसतो म्हणून सगळे त्यालाच धरतात आणि फिल्टरची इतकी सवय झालेली असते की तो आहे हेच विसरायला होतं. मी काय केलं, एक स्क्रीनशॉट काढला आणि माझ्या फोनवर घेतला. तिथेही पिवळा दिसला! फोनचा स्वतःचा रात्रीचा मोड असता तर स्क्रीनशॉट साधारण पांढराच आला असता, कारण तो रंग चित्रात नसतो, डिस्प्लेला देताना बदलतो. म्हणजे वर काच होती, नक्की.

मग Settings मध्ये Apps, तिथून Special access आणि Display over other apps, काही कंपन्यांमध्ये Appear on top लिहिलेलं असतं, जुन्या फोनवर Draw over other apps. फिल्टरचं बटण बंद केलं, बँकेचं ॲप पूर्ण बंद करून परत उघडलं, कॅमेऱ्याला Allow दिलं, झालं. ही परवानगी फोन लक्षात ठेवतो, त्यामुळे नंतर फिल्टर परत चालू केला तरी चालतो, दुसरं ॲप काही मागेल तेव्हा मात्र पुन्हा बंद करावा लागेल.

दोषी सापडलाच नाही तर? यादीत चालू असलेली सगळी कागदावर लिहून बंद करा, काम झालं की लिहिलेली परत चालू करा. नाहीतर सेफ मोड, त्यात बाहेरून टाकलेली ॲपं चालतच नाहीत, तिथे सेटिंगमधून त्या ॲपला परवानगी द्यायची आणि फोन रीस्टार्ट करायचा. आणि हो, नव्या फोनवर बऱ्याचदा हा मेसेज दिसतच नाही, बटण नुसतं मेल्यासारखं पडून राहतं, लोक म्हणतात टच गेला, डिस्प्ले बदलून द्या. कीबोर्डवर टाइप होतंय ना? मग टच गेलेला नाही, फिल्टर बघा.

मावशींचं ते फिल्टर ॲप मी काढूनच टाकलं, त्यांच्या फोनमध्ये स्वतःचा रात्रीचा मोड होता, तो संध्याकाळी सातला लागेल असा करून दिला. बबल ठेवा म्हणाल्या, नातू त्याच्यावरच मेसेज करतो.