माळ्यावरचा गठ्ठा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं हे पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी इथपर्यंत आलं. तेव्हा एप्रिलपासूनची खरेदीची बिलं खालच्या फळीवर होती.

हा त्यातलाच एक गठ्ठा. लेझर प्रिंटरवर छापलेलं हे बिल चिखलाळलंय, तरी आकडे वाचता येतात. शेजारच्या इंकजेटच्या बिलावर मात्र नुसता निळा ओघळ उरलाय. आणि ही पांढरी चिठ्ठी थर्मल कागदाची. तिला पुराची गरजच नव्हती. उन्हाची धग लागली किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात पडून राहिली, तरी तिची अक्षरं पुसट होत जातात. अशी पावती हातात आली की त्याच दिवशी तिचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवायला हवी.

हे बिल गेलं तर काय बिघडतं? खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं, तर बिल व्यापाऱ्याच्या ताब्यात असावं लागतं. पोर्टलवर नोंद दिसते, पण तपासणीत बिलच मागतात.

मग किती वर्षं जपायचं? बाजारात सरसकट ‘सहा वर्षं’ म्हणतात आणि ती ३१ मार्चपासून मोजतात. चूक इथंच होते. कायद्यातले ७२ महिने त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून धरायचे. २०२१-२२ साठी ती तारीख होती ३१ डिसेंबर २०२२. म्हणजे हा गठ्ठा ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हलवायचा नाही. ३१ मार्चपासून मोजणारा तो नऊ महिने आधीच रद्दीत घालेल.

पुरानंतर मालकांनी पद्धत बदलली. बिल आलं की त्याच आठवड्यात स्कॅन होतं, मागची बाजू कोरी नसेल तर तीही. फाइलच्या नावात तारीख, पुरवठादार आणि बिल नंबर:

```
2021-08-12_Pump-Spares_417.pdf
```

एक प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर, दुसरी क्लाउडवर, तिसरी हार्ड डिस्कवर. ती डिस्क राजारामपुरीत बहिणीच्या घरी असते. दुकानाच्याच कपाटात ठेवली, तर पुन्हा पूर आल्यावर कॉम्प्युटरबरोबर तीही बुडेल. मेलवर पीडीएफ आलेलं बिल मूळ फाइल म्हणूनच ठेवतात, प्रिंट काढून फाइल पुसत नाहीत. कागदी मूळ बिलंही स्कॅननंतर फाडत नाहीत, ती आता माळ्यावर.

दर दिवाळीला वहीपूजनाआधी मालक डिस्कवरचं एखादं जुनं बिल उघडून बघतात. जुन्या सॉफ्टवेअरचा बॅकअप उघडतो का, पासवर्ड आठवतो का, हे तेव्हाच कळतं. अधिकारी समोर बसल्यावर कळून उपयोग नसतो.

आणि हा लाल पट्टीचा खोका वेगळा. त्यातल्या बिलांच्या वर्षावर अपील चालू आहे. त्याचा अंतिम निकाल लागल्यावर एक वर्ष, किंवा ते ७२ महिने, यांतलं जे नंतर येईल तोवर तो राहणार. म्हणून बाकी खोक्यांवर तारीख लिहिलीय. याच्यावर फक्त अपिलाचा नंबर आहे.