काजूच्या युनिटचा एनपीव्ही दहा हजार वेळा काढला तर

(पडदा: एक साधी एक्सेल शीट, खाली हिरव्या रंगात एकच आकडा)

ही शीट बघा. सावंतवाडीच्या बाजूला एक छोटं काजू प्रक्रिया युनिट टाकायचंय असं धरून केलेली. आकडे उदाहरणाचे आहेत, पण धंद्याच्या चालीला धरून आहेत. शेड, बॉयलर, सोलणी आणि ग्रेडिंगची मशिनरी मिळून 60 लाख, आज घालायचे. वर्षाला 20 टन काजूगर विकायचा, अख्खा आणि तुकडा मिळून सरासरी भाव किलोला 700 रुपये. खर्चात मोठा वाटा काजू बीचा, साधारण चार किलो बी फोडली की एक किलो गर निघतो, बी 120 रुपयांनी धरली तर तिथेच 480 गेले, मग वाफवणी, सोलणी, पॅकिंग, लाईट आणि सीझनला बी भरून ठेवायला जे पैसे लागतात त्याचं व्याज असे अजून 90. म्हणजे किलोला 570 खर्च आणि 130 सुटतात. वर्षाचे 26 लाख, त्यातून पगार वगैरे फिक्स खर्च 6 लाख वजा, राहिले 20. पाच वर्षं, 12 टक्के डिस्काउंट रेट, टॅक्स सोडून देऊ. एनपीव्ही, म्हणजे पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून आज घातलेले वजा केले की उरतो तो आकडा, येतो अधिक 12 लाख.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हाच आकडा छापला जातो आणि मीटिंगमध्ये सगळे त्याच्याकडे बघून मान डोलावतात. पण 20 टन, 700 रुपये आणि 570 रुपये हे तिन्ही आकडे पाच वर्षं जसेच्या तसे राहतील असं काजूत काम केलेला एकही माणूस म्हणणार नाही.

(पडदा: एकेका आकड्याच्या जागी एकेक वक्र उमटतो)

तर आता आकड्याच्या जागी डिस्ट्रिब्युशन ठेवायचं, म्हणजे हा आकडा कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो आणि कुठे जास्त रेंगाळतो ते. विक्रीपासून सुरू करू. युनिटची क्षमताच 22 टनांची, त्याच्या वर काही जाणार नाही, पण अवकाळीने मोहोर गेला किंवा कामगार मिळाले नाहीत तर 12 पर्यंत खाली येऊ शकतं. म्हणून किमान 12, बहुधा 20, कमाल 22 असा त्रिकोण. हा त्रिकोण एका बाजूला झुकलेला आहे हे लक्षात ठेवा, पुढे त्यानेच खेळ होणार आहे. भावाला नॉर्मल डिस्ट्रिब्युशन, मध्य 700, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मध्याभोवतीचा पसारा, 50. खर्चालाही नॉर्मल, मध्य 570, डेव्हिएशन 25.

मग कॉम्प्युटरने प्रत्येक वक्रातून एकेक आकडा रँडम उचलायचा, तो पाचही वर्षांना लावायचा, एनपीव्ही काढायचा, लिहून ठेवायचा, परत उचलायचा. असं दहा हजार वेळा. याला मॉन्टे कार्लो म्हणतात, 1940 च्या दशकात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामात उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी हे तंत्र उभं केलं, आणि भांडवली गुंतवणुकीच्या हिशेबात ते ठळकपणे आणलं डेव्हिड हर्ट्झने, 1964 साली, एका केमिकल प्लांटच्या उदाहरणावर.

एक्सेलमध्ये यासाठी कुठलं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

```
A2: =RAND()
B2: =IF(A2<0.8, 12+SQRT(80*A2), 22-SQRT(20*(1-A2)))
C2: =NORM.INV(RAND(),700,50)
D2: =NORM.INV(RAND(),570,25)
E2: =(B2*(C2-D2)/100-6)*3.6048-60
```

B2 मध्ये त्रिकोणातून आलेली विक्री टनात, E2 मध्ये एनपीव्ही लाखात, आणि 3.6048 हा 12 टक्क्यांनी पाच वर्षांचा गुणक. ही ओळ दहा हजार वेळा खाली ओढली की झालं. एकच जागा जपायची, RAND वेगळ्या सेलमध्येच हवा. बरेच जण IF च्या आतच तीन ठिकाणी RAND() लिहून मोकळे होतात, मग अट तपासताना एक आकडा येतो आणि गणितात दुसराच, त्रिकोण बिघडतो आणि एरर काही येत नाही, त्यामुळे कळतही नाही. तपासायचं असेल तर B कॉलमची सरासरी दोन दशांशांपर्यंत घ्या, ती 18 च्या अगदी जवळ हवी, त्रिकोण बिघडला असेल तर ती 18.17 च्या आसपास येते.

(पडदा: हिस्टोग्रॅम हळूहळू भरत जातो)

आता निकाल. पहिला धक्का सरासरीचाच. 12 लाख कुठे दिसत नाहीत, दहा हजार एनपीव्हींची सरासरी येते जेमतेम पावणेतीन लाख. चूक नाही झालेली. शीटमध्ये आपण विक्रीचा बहुधा होणारा आकडा टाकला होता, 20, पण त्रिकोण खालच्या बाजूला लांब आहे, त्याची सरासरी 12, 20 आणि 22 ची बेरीज भागिले तीन, म्हणजे 18. दोन टनांचा फरक, आणि नऊ लाख गायब. हर्ट्झच्या उदाहरणातही हेच झालं होतं, बेस्ट एस्टिमेट घेऊन परतावा 25 टक्क्यांच्या आसपास दिसत होता, सिम्युलेशनने तो 15 च्या आसपास आणला. माझ्या मते सिम्युलेशनचा निम्मा फायदा इथेच वसूल होतो, वक्र काढायला बसलं की माणसाला कबूल करावं लागतं की आपला 'नॉर्मल' आकडा हा खरं तर बऱ्या वर्षाचा आकडा होता.

आणि दहा हजारच का, शंभर का नाहीत? आपल्या निकालांचं स्टँडर्ड डेव्हिएशन येतंय सुमारे 38 लाख. शंभर रन घेतले तर सरासरीतलीच चूक 38 भागिले दहा, म्हणजे पावणेचार लाख, आणि सरासरी स्वतः पावणेतीन. F9 दाबून शीट परत मोजली की कधी अधिक कधी उणे दाखवणार. दहा हजार घेतले की ती चूक चाळीस हजार रुपयांच्या खाली येते. पण हे फक्त सरासरी स्थिर करतं हां, 38 लाखांचा पसारा रन वाढवून कमी होत नाही, तो धंद्याचा आहे.

(पडदा: हिस्टोग्रॅमवर शून्याची रेघ, डावीकडचा भाग लाल)

तो पसारा कसा वाचायचा? शून्याच्या डावीकडे जवळजवळ निम्मे, साधारण 48 टक्के निकाल. खालचा पाच टक्क्यांचा टप्पा उणे 58 लाखांवर, वरचा अधिक 67 लाखांवर. म्हणजे वीसात एकदा 58 लाख किंवा त्याहून जास्त बुडणार.

भयंकर दिसतं. पण थांबा, या शीटमध्ये एक खोटेपणा आहे. काही रनमध्ये काजूगर 640 ला विकला जातोय आणि त्याच वेळी खर्च 610 आहे. असं वर्षानुवर्षं चालत नाही. गराचा भाव पडला की कारखानदार बी चढ्या भावाने उचलत नाहीत, बी पण खाली येते, आणि आपल्याकडे आफ्रिकेतून एवढी बी येते की हा भाव कोकणातल्या एका बाजारात ठरतही नाही. दोन्ही भाव हातात हात घालून चालतात, आणि आपण त्यांना स्वतंत्र सोडलं होतं. तर दोघांत 0.8 चं कोरिलेशन घालू, D2 आणि E2 मध्ये फक्त D2 बदलायचा:

```
D2: =570+25*(0.8*(C2-700)/50+0.6*NORM.S.INV(RAND()))
```

0.6 कशाला, तर 0.8 चा वर्ग आणि 0.6 चा वर्ग मिळून एक होतो, म्हणून खर्चाचं डेव्हिएशन 25 च राहतं.

आता परत चालवा. सरासरी तीच. तोट्याची शक्यता 48 वरून 47, म्हणजे हललीच नाही. पण डेव्हिएशन 38 वरून 24 लाखांवर, आणि खालचा पाच टक्क्यांचा टप्पा उणे 58 वरून उणे 36 वर आला. हे नीट बघा, कारण रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, 'तोट्याची शक्यता इतके टक्के'. त्या वाक्यावर हे दोन प्रोजेक्ट सारखेच दिसतात, आणि एकात घर गहाण पडतं, दुसऱ्यात नाही. शून्याच्या डावीकडे किती आहेत एवढंच नाही, ते किती लांब गेलेत तेही बघायचं.

कोरिलेशन नेहमी पसारा कमीच करतं असं समजू नका. भाव आणि खर्च एकत्र चढतात म्हणून इथे कमी झाला, भाव आणि विक्री एकत्र पडणारा धंदा असेल तर तोच पसारा वाढेल.

अजून एक, डाव्या टोकाचे निकाल असं धरून आहेत की मालक पाचही वर्षं तोट्यात गर विकत बसेल. खऱ्या आयुष्यात तो दुसऱ्या वर्षी शटर ओढेल, नाहीतर दुसऱ्याची बी जॉबवर्कवर फोडून देईल. म्हणून 60 लाखांच्या पलीकडचे तोटे जरा सैल हाताने घ्यावेत.

(पडदा: एकाच्या जागी पाच कॉलम, वर्ष 1 ते वर्ष 5)

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. आपण एकदा उचललेला आकडा पाचही वर्षांना लावला होता. कोणी म्हणेल, दरवर्षी वेगळा उचलू ना, तेच बरोबर वाटतं. करून बघा, डेव्हिएशन 24 वरून एकदम 11 लाखांवर येतं, खालचा टप्पा उणे 15 च्या आसपास. वाईट वर्षाला पुढचं चांगलं वर्ष भरून काढतं. खरी गोष्ट या दोघांच्या मधे कुठेतरी असते, कारण पडलेला भाव पुढच्या सीझनला थोडाफार पडलेलाच राहतो पण पाच वर्षं नाही. म्हणून मी दोन्ही चालवतो आणि दोन्ही दाखवतो.

पण कर्ज घेतलं असेल तर? समजा 60 पैकी 40 लाख बँकेचे, 11 टक्क्यांनी, पाच वर्षांत फेडायचे. वर्षाचा हप्ता पावणेअकरा लाखांच्या जरा वर. कुठल्याही एका वर्षी हातात येणारे पैसे सरासरी 17 लाख 40 हजार, पण सहातून एका वेळी ते हप्त्यापेक्षा कमी पडतात. एकच आकडा पाच वर्षं धरला तर हप्ता चुकणारे युनिट सोळा टक्के, बाकीच्यांना कधीच अडचण नाही. दरवर्षी वेगळा आकडा धरला तर पाचातलं निदान एक वर्ष तरी कमी पडण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या जवळ जाते. ज्या मॉडेलने एनपीव्हीचा पसारा निम्म्याहून कमी केला आणि सगळं सुरक्षित दाखवलं, त्याच मॉडेलमध्ये हप्ता चुकणं जवळपास चौपट झालं. एनपीव्हीला पाच वर्षांची बेरीज कळते, बँकेला त्या वर्षाचा मार्च महिना. त्यामुळे हिस्टोग्रॅम एक नाही, दोन काढायचे, एक एनपीव्हीचा आणि एक सगळ्यात वाईट वर्षी हातात उरणाऱ्या रकमेचा, आणि बाजूला किती रोकड ठेवायची हे दुसऱ्यावरून ठरवायचं.